कितपत सहमत?

निशिकांत देवस्थळीकडे पाहुणे म्हणून जायचं तर सोबत चांगले बूट न्यावेत, असं सिंगापुरातली मराठी मंडळी एकमेकांना हसत हसत सांगतात. पाहुण्या बिचाऱ्याला सेंटोसा बघायचं असतं, लिटिल इंडियातल्या त्या चोवीस तास उघड्या दुकानातून चॉकलेटं न्यायची असतात. आणि हा गृहस्थ त्याला एमआरटीनं, मग बसनं, मग भर उन्हात पायपीट करत बेटाच्या पार वायव्य टोकाला, सारिंबूनला नेतो, खारफुटीपलीकडच्या पाण्याकडे बोट करतो आणि म्हणतो, "बेचाळीस साली इथून आले जपानी." पाहुणा मान डोलावतो. त्याला डास चावत असतात. पण निशिकांतचं बोलणं एकदा सुरू झालं की जपानी फौज बेटाच्या मधोमध बुकित तिमाला पोचल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही. तिथल्या मराठी मंडळात त्याला 'जनरल' म्हणतात. त्याची बायको नीता म्हणते, जनरल कसला, हरलेल्या बाजूचा टूर गाइड आहे.

माणूस तसा नाकासमोर चालणारा. मिरजेचा. पंधराएक वर्षांपूर्वी एम्प्लॉयमेंट पासवर आला, पुढे पीआर म्हणजे कायमचा रहिवासी झाला, मरीन परेडला फ्लॅट घेतला. नोकरी चांगी बिझनेस पार्कात, एका बँकेच्या मागच्या खोलीतली म्हणावी अशी. इकडचा आकडा आणि तिकडचा आकडा जुळतो का ते बघायचं, जुळला तर पुढे पाठवायचं, नाही जुळला तर तसं कळवायचं. का जुळला नाही यावर मत द्यायला वरची माणसं होती. निशिकांतला कधी कुणी मत विचारलं नाही आणि त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. चूक नसलेलं काम हेच चांगलं काम, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि ती समजूत बँकेला फार सोयीची होती.

त्याची खरी हौस इतिहास. मिरजेच्या शाळेत असताना इतिहासाच्या पेपराला सगळ्यात जास्त पुरवण्या घेणारा मुलगा म्हणून तो गाजला होता. पर्यवेक्षक वर्गात आले की पुरवण्यांचा गठ्ठा आधी त्याच्या बाकाजवळ ठेवत. प्रश्न काही का असेना, कारणे लिहा, परिणाम लिहा, टीप लिहा, चर्चा करा, निशिकांतचं उत्तर सनावळीपासून सुरू व्हायचं आणि पुरवण्यांना बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीपाशी संपायचं. त्यांचे सर उत्तर वितीनं मोजतात असं पोरं म्हणत. खरंखोटं देव जाणे, पण गुण मिळत हे खरं. इतिहासात पहिला येऊन तो कॉमर्सला गेला, कारण इतिहासानं पोट भरत नाही असं वडलांनी सांगितलं होतं आणि वडलांचं म्हणणं पटलं की नाही हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही स्वतःला विचारलं नाही.

अशा माणसाला श्रिया झाली. एकुलती एक, आणि बापाच्या सगळ्या पायपिटी तिनं आनंदानं केल्या. लहान असताना खांद्यावर बसून, नंतर बोट धरून, नंतर पुढे पळत. लॅब्रेडॉर पार्कातल्या तोफा, फोर्ड कारखान्यातलं ते ब्रिटिशांच्या शरणागतीचं टेबल, क्रांजीची सैनिकांची पांढरी थडगी, सगळं तिला पाठ. त्यांच्या इमारतीची जागा बेचाळीस साली चक्क समुद्रात होती, जमीन मागाहून भर घालून केलेली आहे, हे ती घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायची. मराठी समजायचं पूर्ण, बोलायची अर्धं, उरलेलं इंग्रजी, आणि वाक्याच्या शेवटी शाळेत उचललेला तो सिंगापुरी 'ला'. पण इतिहासावरून बापाशी तासन्‌तास बोलायची. बाकी चौदा वर्षांची मुलं बापाशी जेवायला काय आहे यापलीकडे बोलत नाहीत. निशिकांतला त्याचा फार अभिमान होता, आणि तो लपवायची अक्कल त्याला नव्हती.

सेकंडरी टू, म्हणजे आपल्याकडची आठवी, संपताना तिकडे पुढच्या विषयांचा निर्णय होतो. श्रियाला प्युअर हिस्ट्री हवा होता, म्हणजे इतिहास हा पूर्ण स्वतंत्र विषय. तिच्या शाळेत त्याचा एकच वर्ग होता, जागा मोजक्या, आणि वर्षअखेरच्या परीक्षेत इतिहासाचे गुण चांगले असतील त्यांनाच तो मिळायचा. तिला दुसरं काही नकोच होतं. मोठी होऊन म्युझियममध्ये काम करणार असं ती म्हणायची, आणि त्यावर निशिकांत, स्वतःच्या वडलांची आठवण येऊनही, पोटाबद्दल एक शब्द बोलला नाही. उलट त्यानं ठरवलं, या परीक्षेची तयारी मी स्वतः करून घेणार. गणिताला, सायन्सला ट्युशन असेना का. इतिहासाला घरात जनरल असताना बाहेरचा माणूस कशाला?

तर एका रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर दोघं टेबलाशी बसली. शाळेनं सरावाला दिलेल्या प्रश्नांतला एक निशिकांतनं निवडला. प्रश्न इंग्रजीत होता, मराठीत त्याचा अर्थ असा: 'सिंगापूर पडलं ते मुख्यतः ब्रिटिशांच्या चुकीच्या नियोजनामुळे. या विधानाशी तू कितपत सहमत आहेस? उत्तर स्पष्ट कर.' श्रियानं तासाभरात लिहून काढलं. तिनं सुरुवातच अशी केली होती की, मी या विधानाशी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी जपानी फौजेची तयारी विसरून चालणार नाही. मग ब्रिटिशांच्या दोन चुका, त्या कशा भोवल्या ते. मग जपान्यांच्या दोन गोष्टी. आणि शेवटी पुन्हा स्वतःचं म्हणणं, का ते सांगून. उत्तर जेमतेम दीड पान.

निशिकांतनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. एवढंच? मलायात कोटा बारूला जपानी उतरले ती तारीख कुठे आहे? प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही ब्रिटिश जहाजं बुडाली ती आली आहेत, पण नुसती ओझरती. ब्रिटिशांनी मलायाला जोडणारा कॉजवे उडवला ते नाही. ईशान्येच्या पुलाऊ उबिन बेटावरचा जपान्यांचा हुलकावणीचा हल्ला नाही. तोफांबद्दल लोकांचा जो गैरसमज आहे, की त्या फक्त समुद्राकडेच वळलेल्या होत्या, तो खोडून काढलेला नाही. खरं तर बऱ्याच तोफा वळत होत्या, पण त्यांचा दारूगोळा मुख्यतः जहाजं फोडायचा, पायदळावर त्याचा उपयोग थोडा. हे सगळं हिला येतं, दहा वेळा माझ्या तोंडून ऐकलंय, आणि उत्तरात नाही म्हणजे काय? त्यानं लाल पेन घेतलं. पहिलं वाक्य खोडलं. शेवटचा परिच्छेद आडव्या रेघेनं उडवला.

श्रिया म्हणाली की टीचरनं असंच शिकवलंय, आधी आपलं उत्तर सांगायचं, मग सिद्ध करायचं.

"तुझं मत कुणी विचारलंय?" निशिकांत म्हणाला. रागानं नाही, प्रेमानंच म्हणाला. तेच तर वाईट. "मत काय, कुणीही देईल. जे घडलं ते लिही. पुराव्यानिशी, क्रमानं, सगळं. वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे की हिला येतं."

श्रियानं प्रश्नावर बोट ठेवलं आणि काहीतरी पुटपुटली. मग बापाकडे बघितलं. बाप पुढे झुकून, डोळे चमकवत, सारिंबूनच्या अंधारातल्या होड्यांची गोष्ट पुन्हा सांगायच्या बेतात होता. ती म्हणाली, "ओके ला." निशिकांतला वाटलं, पटलं हिला.

माणसाचं घोडं कुठे पेंड खातं ते त्याला स्वतःला कधी दिसत नाही. पुढचे काही आठवडे त्यानं तिच्याकडून तो प्रसंग कोटा बारूपासून फोर्ड कारखान्यापर्यंत घोटून घेतला. एकही तारीख इकडची तिकडे होऊ दिली नाही. नीता एकदोनदा म्हणाली, अहो, तिच्या पद्धतीनं लिहू द्या की. त्यावर त्यानं आपल्या पुरवण्यांचा इतिहास नव्यानं ऐकवला. तो नीताला लग्नापासून पाठ होता, तेव्हा ती कपडे वाळत घालायला गेली.

आणि परीक्षेत नेमका तोच विषय आला. शब्द थोडे वेगळे, पण विधान तेच, शेवटी तेच 'हाऊ फार', कितपत सहमत. श्रिया घरी आली ती गप्पच होती. सगळं लिहिलं का, असं निशिकांतनं विचारलं. लिहिलं म्हणाली. सगळं? सगळं. निशिकांतनं त्या दिवशी ऑफिसातून येताना पेढे आणले, निकाल लागायच्या आधीच.

पेपर हातात मिळाले तेव्हा त्या प्रश्नाला बारापैकी चार होते.

निशिकांत पेपर घेऊन खिडकीशी बसला आणि एकेक वाक्य तपासू लागला, बँकेत तपासायचा तसं. तारीख बरोबर. नाव बरोबर. ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलची चांगली ताजी फौज ईशान्येला, ऑस्ट्रेलियनांची फळी वायव्येला लांबवर पातळ पसरलेली, बरोबर. उतरणं आठ फेब्रुवारीच्या रात्री, बरोबर. जलाशय हातचे गेले, बरोबर. जपानी सेनापती यामाशिताकडे दारूगोळा संपत आलेला आणि तरी त्यानं दरडावून शरणागती घेतली, बरोबर. अख्ख्या उत्तरात एक चूक सापडेना. आणि समासात हिरव्या पेनानं, तीन ठिकाणी, एकच छोटा शब्द लिहिलेला: 'सो?' मग काय? निशिकांतचं पित्त खवळलं. पोरीनं इतकं लिहायचं आणि बाईंनी मग काय म्हणून विचारायचं, ही कुठली रीत? उत्तराखाली आणखी एक ओळ होती: अचूक आणि सविस्तर वर्णन, पण प्रश्नाचं उत्तर नाही. ती ओळ वाचून तर तो जास्तच भडकला. वर्णन नाही तर इतिहास म्हणजे काय असतो?

श्रियानं हात जोडून सांगितलं, बाबा, प्लीज, शाळेत जाऊ नको. पण आता त्याच्यातला जनरल उठला होता. त्यानं शाळेला ईमेल करून वेळ मागितली. ईमेलात त्यानं असंही लिहिलं की उत्तरात तथ्याची एकही चूक दाखवून द्यावी, मी तक्रार मागे घेतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

इतिहासाच्या शिक्षिका मिस तेओ शाळेच्या ऑफिसाबाहेरच्या गोल टेबलाशी भेटल्या. तिशीतल्या, बारीक चणीच्या, बोलणं शांत. निशिकांतनं मनात त्यांना कडक आणि आखडू ठरवून ठेवलं होतं, तशा त्या नव्हत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं की तथ्याची चूक एकही नाही, आणि कॉजवेबद्दल आणि तोफांच्या गोळ्यांबद्दल इतकं नेमकं लिहिणारी वर्गात दुसरी मुलगी नाही. निशिकांत इतका तयारीत आला होता की हे ऐकून त्याची पंचाईत झाली. भांडायला आधार राहीना.

मग मिस तेओंनी पेन्सिल घेतली आणि प्रश्नाच्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारली. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रश्नात एक विधान आहे आणि एक आज्ञा आहे. विधान सांगतं कशाबद्दल लिहायचं. आज्ञा सांगते काय करायचं. 'वर्णन कर' म्हटलं तर काय घडलं ते सांगायचं. 'स्पष्ट कर' म्हटलं तर ते का घडलं, एका गोष्टीमुळे दुसरी कशी झाली ते सांगायचं. आणि 'कितपत सहमत' म्हटलं की तोलायचं: विधानाच्या बाजूनं काय, विरुद्ध काय, आणि शेवटी पारडं कुठे झुकतं आणि का. ते झुकलेलं पारडं हेच उत्तर. बाकी सगळा पुरावा.

"मिस्टर देवस्थळी, 'वर्णन कर' असा प्रश्न असता," त्या म्हणाल्या, "तर याला मी जवळजवळ पूर्ण गुण दिले असते."

निशिकांत म्हणाला की एवढी माहिती आहे, तिला काही मोल नाही का? मिस तेओंनी सांगितलं की गुण माहितीच्या ढिगावर मिळत नाहीत, पायऱ्यांवर मिळतात. नुसती घटना सांगितली की खालची पायरी. एक बाजू घेऊन, ती विधानाशी जोडून समजावली की त्यावरची. दुसरी बाजूही तशीच जोडली की आणखी वर. आणि दोन्ही तोलून निकाल दिला की सगळ्यात वरची. खालच्या पायरीवर कितीही माहिती ओतली तरी पायरी बदलत नाही. मग त्यांनी पेपरातलं एक वाक्य दाखवलं, पर्सिव्हलनं ताजी फौज ईशान्येला ठेवली ते. त्याच्या शेजारी त्यांचा तो हिरवा 'सो?' होता. मग काय? ही चूक नियोजनाची का? हल्ला ईशान्येकडून येईल असा चुकीचा अंदाज होता, म्हणून वायव्येला विरोध तोकडा पडला आणि जपानी बेटावर पाय रोवू शकले, एवढं एक वाक्य पुढे हवं होतं. आणि तिथंच खाली पुलाऊ उबिनचा हुलकावणीचा हल्ला आहे. तो काय सांगतो? की पर्सिव्हलची चूक पक्की व्हावी म्हणून जपान्यांनी डाव टाकला. म्हणजे चूक ब्रिटिशांची किती आणि हुशारी जपान्यांची किती, हा सगळा प्रश्न तिच्या या दोन ओळींत बसलेला आहे. तिनं तो लिहिला आणि पुढच्या तारखेकडे निघून गेली.

निशिकांत त्या दोन ओळींकडे बघत राहिला. पोरीच्या आडात सगळं होतं. पोहऱ्यात कसं आलं नाही? इतक्या वर्षांत इतक्या पाहुण्यांना त्यानं या दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या होत्या आणि त्यांचं एकमेकींशी काय नातं आहे हे कुणी विचारलं नव्हतं, त्यालाही सुचलं नव्हतं. हरलेल्या बाजूचा गाइड असून ती बाजू का हरली यावर त्याचं स्वतःचं मत नव्हतं. सगळं रामायण सांगून रामाची सीता कोण, अशी त्याची त्या टेबलाशी गत झाली. खरं सांगायचं तर त्याला थोडी गंमतही वाटली. शिकायला मिळालं की त्याला आनंद व्हायचा, तो गुण त्याच्यात होता.

तो आनंद फार टिकला नाही. मिस तेओ पेपर मिटत म्हणाल्या की त्यांना एका गोष्टीचं कोडं पडलंय. श्रिया वर्गात हे छान करते. तिसऱ्या टर्ममध्ये अशाच प्रश्नाला तिनं वर्गात सर्वात चांगलं उत्तर लिहिलं होतं, छोटं पण मुद्द्याचं. दोन्ही बाजू, ठाम निकाल. "मग या वेळी काय झालं, मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "असं वाटतं की तिला कुणीतरी मत देऊ नको म्हणून सांगितलंय. तुम्हाला काही कल्पना आहे?"

निशिकांतला लाल पेन आठवलं. आडवी रेघ आठवली. सांगून टाकावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं. तेवढं सांगितलं असतं तर निदान पोरीवरचा ठपका तरी हलका झाला असता. गुण बदलले नसते, पण शिक्षिकेच्या मनात ती मुलगी परीक्षेत गोंधळणारी म्हणून राहिली नसती. पण समोर शिक्षिका, अंगात ऑफिसचा शर्ट, आणि नुकताच ज्यानं तावातावानं ईमेल लिहिला तो बाप. त्याच्या तोंडून निघालं, "नो आयडिया." मिस तेओंनी मान हलवली. गुण बदलता येणार नाहीत, आणि प्युअर हिस्ट्रीच्या जागा गुणांप्रमाणेच भरतील, हे त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. त्यानं आभार मानले आणि तो बाहेर पडला.

श्रियाला जागा मिळाली नाही. थोडक्यात हुकली. तिच्या वाट्याला भूगोलाचं कॉम्बिनेशन आलं. अपील करून बघितलं, शाळेचं सभ्य उत्तर आलं की वर्ग भरला आहे. श्रिया रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं नीताला वाटलं. तिनं नवी पुस्तकं आणली, कव्हरं घातली, नद्यांच्या गाळाबद्दल वाचायला लागली. फक्त घरात लढाईचं नाव निघेना. त्याच सुमारास नीताचा एक मावसभाऊ पुण्याहून आला, आणि त्याला सेंटोसा दाखवून, चॉकलेटं घेऊन देऊन गुमान परत पाठवलं. तो जाताना म्हणाला, अरे, तुझ्या त्या जपान्यांचं काय झालं? निशिकांत हसला. हसताना त्यानं श्रियाकडे बघितलं नाही.

एका शनिवारी संध्याकाळी निशिकांत तिला ईस्ट कोस्टला चालायला घेऊन गेला. म्हणजे तिला म्हणाला, चल, आणि ती आली. पुष्कळ दिवसांनी आली. सायकलवाली पोरं घंटा वाजवत जात होती, हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवरून साताय, म्हणजे काड्यांवरचं मांस, भाजल्याचा धूर येत होता, आणि समुद्रात जहाजं नेहमीसारखी ओळीनं उभी होती. ही जहाजं बघून पूर्वी बापलेक तास घालवत. आज दोघंही बाकावर बसून नुसती बघत होती. निशिकांतनं घरून निघताना ठरवलं होतं की आज सांगायचं. शाळेच्या टेबलाशी आलं नाही ते इथे तरी आलं पाहिजे. पण सांगायचं तर काय, हे तिला आधीच माहीत होतं. लाल पेन तिच्याच कागदावरून फिरलं होतं.

म्हणून मग त्यानं सांगितलं ते वेगळं. या वेळी तुझं असं का झालं, हे तुझ्या मिसनी मला विचारलं होतं, तो म्हणाला, आणि मी त्यांना खरं सांगितलं नाही. नो आयडिया म्हणालो. मला लाज वाटली.

श्रियानं बापाकडे बघितलं. तिला हे माहीत नव्हतं. निशिकांतला वाटलं ती चिडेल, उठून जाईल. ती चपलेनं वाळू उकरत बसली.

मग निशिकांतनं विचारलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला नाना प्रश्न विचारले होते. कधी, कुठे, कोण, किती. हा प्रश्न तो तिला पहिल्यांदाच विचारत होता.

"हे माझ्यामुळे झालं असं मला वाटतं. तुला काय वाटतं?"

तिनं समुद्राकडे बघत विचार केला. निशिकांतला मधेच बोलावंसं वाटलं, जाऊ दे म्हणावंसं वाटलं. त्यानं जीभ आवरली.

"सम ऑफ इट," ती म्हणाली. "तू खोडलंस. आणि मला म्हणालास माझं मत कुणी विचारलंय. पण एक्झाम हॉलमध्ये तू नव्हतास, बाबा. प्रश्न मी वाचला होता. 'हाऊ फार' लिहिलेलं होतं, मला कळत होतं काय करायचं. पेन पण उचललं होतं. मग वाटलं, बाबा म्हणतो तसं लिहू या, तो घरी विचारणार. सो दॅट पार्ट इज मी." ती थांबली. निशिकांतला वाटलं, संपलं. पण तिचं संपलं नव्हतं, तिला पारडं कुठे झुकतं ते सांगायचं होतं. "पण मी तसं का केलं? कारण मला तुला खूश करायचं होतं. आणि तुला खूश करायला फक्त माहिती लागते. म्हणून मोस्टली तू, बाबा."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला प्रश्न विचारला गेला होता आणि तिनं त्याचं उत्तर दिलं होतं. दोन्ही बाजू घेऊन, कारण देऊन, कुठेही न चुकता. निशिकांतला त्यात खोडायला एक शब्द सापडला नाही. आणि हे उत्तर ऐकायला आता तो एकटाच होता, त्याला गुण देणारं कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं श्रिया उठली, उशीर होतोय म्हणाली, सोमवारी भूगोलाची टेस्ट आहे. दोघं परत निघाली. भराव घालून केलेल्या जमिनीवरून, जिथे एकेकाळी समुद्र होता तिथून. ते तिला पूर्वी प्रत्येकाला सांगायचं असे. आज तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही आठवण करून दिली नाही.

इमारतीच्या लिफ्टपाशी पोचल्यावर निशिकांतनं पुन्हा विचारलं, अगदी साधं, रात्री जेवायला काय करू या?

"तू म्हणशील ते," श्रिया म्हणाली.